तक्त्यातलं तेरावं घर

माझा स्वभाव पहिल्यापासून भांडखोर. जुन्नरला आमच्या मोहल्ल्यात अम्मी सगळ्यांना सांगायची, ही मुलगी सासरी गेली तर आठ दिवसांत परत येईल. मी सासरी जायच्या आधी पुण्याला गेले, सुईणपणाचं सरकारी शिक्षण पुरं केलं आणि पांढरी साडी नेसून नोकरीला लागले. अब्बांना मुलीनं नोकरी करणं पसंत नव्हतं, पण माझ्याशी वाद घालणं त्यांना त्याहून नापसंत होतं.

पहिली नेमणूक मिळाली ती शिनोलीच्या पुढं, भीमाशंकरच्या रस्त्याला लागून असलेल्या एका गावात. दिवाळी नुकतीच झाली होती. दोन खाटांचं बाळंतपणाचं केंद्र, मागं एक खोली माझ्या राहण्याची, पुढं शेणानं सारवलेला ओटा. माझ्या आधीच्या नर्सबाई बदलून कोकणात गेल्या होत्या. त्यांनी जाताना मागं ठेवलेली सगळ्यात चांगली वस्तू म्हणजे भिंतीवरचा तक्ता.

तो तक्ता मी आयुष्यभर विसरणार नाही. मांजरपाटाच्या लांब पट्ट्यावर रंगानं काढलेला, भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आडवा. वरच्या ओळीत चैत्रापासून फाल्गुनापर्यंत बारा महिन्यांची बारा घरं. गावातल्या बायकांना अक्षर येत नव्हतं, म्हणून बाईंनी प्रत्येक घरात चित्र काढलं होतं. चैत्राच्या घरात गुढी, ज्येष्ठाच्या घरात वड, श्रावणात नाग, भाद्रपदात गणपती, पौषात संक्रांतीचं सुगड, फाल्गुनात होळी. त्याखाली आणखी दोन ओळी. एकीच्या सुरुवातीला पांढरा चांद, दुसरीच्या सुरुवातीला काळा. तपासायला आलेल्या बाईनं फक्त एवढंच सांगायचं, की शेवटची बाहेर बसलीस ती कुठल्या महिन्यात आणि चांदण्यात की अंधारात. मग वरच्या ओळीत आडवं बोट फिरवत तो महिना गाठायचा आणि तिथून सरळ खाली यायचं. शुद्धातली असेल तर पांढऱ्या चांदाच्या ओळीत थांबायचं, वद्यातली असेल तर काळ्या. तिथं जे चित्र असेल त्या महिन्यात बाळंतपण. गुढीच्या खाली पांढऱ्या ओळीत सुगड होतं. म्हणजे चैत्राच्या सुरुवातीला पाळी आलेली बाई पौषात मोकळी होणार. साडेनऊ चांद्रमहिने मोजून बाईंनी एकेक घर भरलं होतं.

मी शिकले होते तो तक्ता इंग्रजी होता. तोही आडवाच, वर जानेवारीपासून महिने, खाली तारखा. पुण्यात आम्ही तो पाठ केला होता. पण या गावात तारीख विचारली तर बायका माझ्या तोंडाकडं बघायच्या. त्यांचं सगळं सणावर आणि तिथीवर. तेव्हा मी मुकाट्यानं माझं पुस्तक पेटीत ठेवलं आणि भिंतीला शरण गेले.

गावात त्या तक्त्याची सगळ्यात मोठी जाणकार होती एक पन्नाशीची बाई. नवऱ्याची चांगली वीस एकर जमीन, दारात दोन बैलजोड्या, तीन मुलगे, तीन सुना. दोन थोरल्या सुनांची बाळंतपणं या केंद्रात झाली होती, आणि दोन्ही वेळा तक्त्यानं सांगितलेला महिना बरोबर निघाला होता. तेव्हापासून ती तक्त्याची भक्त झाली होती. कुणाचीही सून, लेक, भाची राहिली की ही तिला हाताला धरून आणायची, स्वतः बोट फिरवायची आणि माझ्याकडं वळून म्हणायची, “बघा नर्सबाई, बरूबर हाय का.” बरोबरच असायचं. मी तिला मावशी म्हणायची. मला ती आवडायची, कारण तीही माझ्यासारखीच भांडखोर होती.

तिची धाकटी सून येडगावची. सतरा-अठरा वर्षांची, लाजरी, बोलायची तर ओठ न हलवता. तिचा नवरा मुंबईला गोदीत कामाला. तो वर्षातून दोनदा यायचा, दिवाळीला आणि चैत्र पुनवेच्या गावच्या यात्रेला. ती ज्येष्ठात आधीच्या बाईंकडं येऊन गेली होती. सासूनं स्वतः गुढीवर बोट ठेवून खाली आणलं होतं आणि सुगडावर थांबवलं होतं. त्याप्रमाणं घरात सगळं ठरलं. डिंकाचे लाडू पौषात करायचे, नवऱ्यानं रजा पौषात घ्यायची, येडगावहून तिची आई पौषात येणार.

आणि ती बाळंत झाली दत्तजयंतीच्या दिवशी. मार्गशीर्षाच्या पुनवेला.

सकाळी कळा सुरू झाल्या म्हणून बैलगाडीत घालून आणली तेव्हा सासू घाबरीघुबरी झाली होती. वाटेत सारखी म्हणत होती म्हणे, आठव्यातलं पोर जगत नाही. मीही मनातून धास्तावले होते. केंद्रावर कमी दिवसांच्या मुलाला ठेवायला माझ्याजवळ कापूस आणि गरम पाण्याच्या बाटल्या यांपलीकडं काही नव्हतं. पण दुपारी मुलगी झाली ती अशी रडली, की रस्त्यानं जाणारा एक गुराखी ओट्याशी येऊन उभा राहिला. काट्यावर घातली तर सात पौंड भरली. मी तिची नखं बघितली, बोटांच्या टोकापर्यंत आलेली. तळपायावर भरपूर रेघा. कानाची पाळी दुमडून सोडली तर पटकन सरळ होणारी. अंगावर लव नाही. मला इतका आनंद झाला, की मी बाहेर येऊन मोठ्यानं सांगितलं, “मावशी, अजिबात काळजी करू नका. पोरगी पुऱ्या दिवसांची आहे.”

माझ्या तोंडून ते वाक्य गेलं आणि मावशीचा चेहरा बदलला. तिनं आनंदानं हात जोडावेत असं मला वाटलं होतं. तिनं मुलीकडं बघितलं, मग भिंतीवरच्या तक्त्याकडं बघितलं. मग पदर ओढून घेऊन गाडीत बसली आणि निघून गेली. मी वेडीसारखी ओट्यावर उभी. मला काहीच उमगलं नव्हतं.

उमगलं ते दुसऱ्या दिवशी, पाणी भरायला आलेल्या बायकांच्या बोलण्यातून. तक्ता सांगतो पौष. पोरगी झाली मार्गशीर्षात, एक महिना आधी. आधी झाली तर कमी दिवसांची असायला हवी. पण नर्सबाई स्वतःच्या तोंडानं म्हणते, की पुऱ्या दिवसांची आहे. मग पुरे दिवस मोजायचे कुठून? फाल्गुनातून. फाल्गुनात नवरा होता कुठं? मुंबईला. दिवाळीला गेला तो यात्रेलाच आला. आणि गुढीपाडव्याला ती बाहेर बसली होती ना? बसली असेल, नसेल, कुणी बघितलंय. दिवस लपवायला सोंगही करतात म्हणे बायका.

म्हणजे मुलीच्या तब्येतीचं मी जे कौतुक केलं होतं, तेच तिच्या आईच्या गळ्याला फास झालं होतं. मी त्या बायकांना जे काही सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

तिसऱ्या दिवशी तार मिळून नवरा आला. उंच, काळासावळा, गोदीतल्या पोत्यांनी खांदे रुंद झालेला तरुण. त्यानं मुलीला उचललं नाही. खाटेच्या पायथ्याशी उभा राहून नुसता बोटं मोजत राहिला. एप्रिलातून डिसेंबर. मी त्याची बोटं बघत होते. आठ झाली आणि तो थांबला. बायको भिंतीकडं तोंड करून पडली होती. तो परत घरी गेला.

पाचव्या दिवशी पाचवी पुजायला घरून कुणी आलं नाही. पाटावरवंटा मांडायला नाही, दिवा लावायला नाही. थोरल्या दोन सुनांच्या वेळी याच मावशीनं केंद्रात ढोल वाजवायचा तेवढा बाकी ठेवला होता, हे मी ऐकून होते. त्या संध्याकाळी सुनेनं मला प्रथमच आपणहून विचारलं.

“बाई, मला उद्या येडगावला पोचवणारेत. कायमचं. पोरगी ठेवून घेतील का वो?”

“तुला काय वाटतं?” मी विचारलं.

“मला काय वाटायचं. मी पाडव्याला बाहेरची झाले व्हते. गुढीला हात लावू दिला नाय मला. पुरणाची पोळी बी गोठ्यात बसून खाल्ली. येवढं खरं सांगते, बाकी मला मोजता येत नाय.”

मला तिचा इतका राग आला, की हातातली वाटी मी आदळली. राग तिच्यावर नव्हता. ज्या बाईनं आपला एकमेव साक्षीपुरावा इतक्या हळू आवाजात दिला होता, तिला असं हळू बोलायला लावणाऱ्या सगळ्यांवर होता. ती खोटं बोलत नव्हती, हे मला कळत होतं. मुलगी पुऱ्या दिवसांची होती, हे माझ्या हातांना कळत होतं. मग खोटं बोलत होता तो एकटा तक्ता. आणि तक्ता तर आजवर कधी चुकला नव्हता.

मी पेटीतून माझं पुस्तक काढलं. भिंतीवर वाण्यानं दिलेलं कॅलेंडर होतं, त्यात पाडवा बघितला. मार्चचा तिसरा आठवडा संपता संपता. पुस्तकातल्या तक्त्यात वरच्या ओळीत मार्च गाठला, खाली उतरून त्या तारखेशी आले, तिच्या जोडीची तारीख वाचली. डिसेंबरचा शेवटचा आठवडा. दत्तजयंती त्याच आठवड्यात होती. म्हणजे पोरगी आली होती ती ठरल्या वेळेला, एखाद्या सरकारी अधिकाऱ्यासारखी.

दोन तक्ते. दोन्ही आडवे, दोन्हींत महिने वर, दोन्हींत बोट तसंच फिरतं. एक म्हणतो आता, दुसरा म्हणतो महिनाभरानं. मी कॅलेंडरची पानं उलटत गेले. इंग्रजी महिन्यांच्या खाली बारीक अक्षरात मराठी महिने छापलेले होते. चैत्र, वैशाख, ज्येष्ठ, आषाढ. आणि त्यानंतर श्रावण नव्हता. अधिक श्रावण होता. मग पुढच्या पानावर श्रावण.

त्या वर्षी धोंड्याचा महिना होता. सगळ्या गावाला ठाऊक होतं. घरोघर जावयांना अनारसे झाले होते, पुण्यात आमच्या वसतिगृहाच्या शेजारच्या घरातूनही आले होते आणि मी चार खाल्ले होते. फक्त भिंतीवरच्या तक्त्याला ते ठाऊक नव्हतं. त्याला घरं बाराच. साध्या वर्षी तो अचूक, आणि धोंडा संपल्यावर केंद्रात झालेलं हे पहिलंच बाळंतपण होतं. पण ज्या बाईचे दिवस धोंड्याच्या आधी सुरू झाले आणि धोंडा ओलांडून पुढं गेले, तिच्यासाठी तो एक आख्खा महिना गिळून टाकत होता. तिचं उत्तर एक घर अलीकडं वाचायला हवं होतं. सुगडाच्या अलीकडचं घर. मार्गशीर्ष.

मी एकटीच हसले. मग सुनेला उठवून सांगितलं, “उद्या तू येडगावला जाणार नाहीस.” तिला काही कळलं नाही, पण ती उठून बसली.

सकाळी गाडी आली. मावशीचा नवरा बैल धरून उभा, मुलगा मागं, मावशी सगळ्यात पुढं. तिच्या हातात सुनेचं लुगडं आणि चोळ्या बांधलेलं गाठोडं होतं. शेजारपाजारच्या चार बायका काही निमित्त काढून ओट्याशी आल्याच होत्या. मला तर त्या हव्याच होत्या.

“मावशी,” मी म्हटलं, “जायच्या आधी एकदा बोट फिरवून दाखवा.”

“आता काय दाखवायचं ऱ्हायलंय,” ती म्हणाली. पण तक्त्याचं नाव काढल्यावर तिला राहवलं नाही. तिनं गुढीवर बोट ठेवलं आणि पांढऱ्या ओळीत सुगडावर उतरवलं. “पौष. समद्यांनी बघा. कुणाला लबाड म्हणायचं, तक्त्याला का?”

“गुढीपासून पौषापर्यंत यंदा किती महिने होतात?”

“नवू. दर साली नवूच व्हत्यात.”

“आणि धोंडा?”

बायकांत कुजबुज झाली. मावशीनं मात्र पापणीही हलवली नाही. हा मुद्दा तिच्या ध्यानात आला नव्हता असं नाही. तिनं तो विचार करून बाजूला ठेवला होता.

“धोंडा धरत नसत्यात,” ती मला समजावण्याच्या सुरात म्हणाली. “त्यात लगीन न्हाई, मुंज न्हाई, उद्यापन न्हाई. वर्साचा उपास मोजताना बी तो महिना सोडूनच मोजत्यात. तुमच्यात धोंडा नसतोय, नर्सबाई. तुमाला त्यातलं काय कळायचं?”

खरं सांगते, तिथं मला ती आणखीच आवडली. चूक होती, पण तिनं ती अगदी शास्त्राला धरून केली होती. देवाधर्माच्या सगळ्या हिशेबात जो महिना गाळतात, तो तिनं पोटाच्या हिशेबातही गाळला होता. असली चूक करायला अंगात नेम-धरम मुरलेला असावा लागतो.

“आमच्यात नसतो हे खरं,” मी म्हटलं. “आमचा चांद दिसला की महिना लागला, पुन्हा दिसला की दुसरा लागला. गाळायचा म्हणून कुठला गाळत नाही. तुमची यात्रा झाली तेव्हा आमचा रमजान अर्धा झाला होता. मी रोजे धरून पुण्यात परीक्षेचा अभ्यास करत होते. त्यानंतर ईद झाली, बकरीद झाली, मोहरम झाला. रमजानपासून आतापर्यंत नऊ महिने झालेत. माझा चांद आणि तुमचा चांद काही वेगळा नाही, मावशी. तोच भीमाशंकराच्या मागं मावळतो. तो नऊ वेळा भरला आणि तुम्ही आठ वेळा मोजला.”

मी खडू घेतला आणि ओट्याच्या सारवणावर आडवी घरं काढायला बसले. गुढी, आंबा, वड, एकेक. आषाढाच्या पुढं आले तिथं नाग काढायच्या ऐवजी एक वाटोळा, जाळीदार अनारसा काढला. बायका हसल्या. मग नाग, मग गणपती, आणि पुढं सगळे. वर्षाची तेरा घरं झाली.

“आता इथून चाला,” मी मावशीला म्हटलं.

ती चालली नाही. हाताची घडी घालून उभी राहिली. “तुमी घर काढलं म्हनून महिना व्हतोय व्हय? देवाला जो महिना चालत नाय, तो मी कसा धरू?”

आता माझी जीभ सुटली. “देवाला नसेल चालत. पण पोटातलं पोर तो महिना बाजेवर झोपून काढतं का? वाढायचं थांबतं का? मावशी, तुमची म्हैस व्यालीय ना? मला खरवस पाठवलात तुम्ही. कधी व्याली?”

“कार्तिकात.”

“आणि रेड्याकडं कधी नेली होती?”

उत्तर तिच्या नवऱ्यानं दिलं, बैलांच्या मधून, जरा खाकरून. “वसंतपंचमीच्या टायमाला. माघात. म्हशीचं साडेधा म्हैने मोजून आमी मार्गशीर्सात धरली व्हती, तर कार्तिकातच मोकळी झाली. म्हैना आदी. रेडकू लई दांडगं निघालं.”

“तेव्हा म्हशीला कुणी विचारलं का,” मी म्हटलं, “की बाई गं, आम्ही रेड्याकडं न्यायच्या आधी तू कुठं गेली होतीस?”

पहिली हसली ती पाणी भरायला आलेली सगळ्यात म्हातारी बाई. तिला हसताना बोळक्यावर हात ठेवायचं भान राहिलं नाही. मग बाकीच्या. मग बैल धरून उभा असलेला म्हाताराही. मावशी एकटी हसली नाही. ती पुढं आली, चपला ओट्याखाली काढल्या आणि खडूच्या घरांत उतरली. गुढीत दोन्ही पाय जुळवून उभी राहिली. मग एकेका घरात पाय टाकत, प्रत्येक महिन्याचं नाव मोठ्यानं घेत निघाली. अनारशाच्या घराशी ती थबकली. मला वाटलं, ओलांडून जाते की काय. पण तिनं त्याच्यात पाय ठेवला, पुरता, टाच टेकवून. “धोंडा,” ती म्हणाली. पुढची घरं तिनं भराभर घेतली. नववं पाऊल मार्गशीर्षात पडलं आणि ती तिथं उभी राहिली.

मी तिच्याकडं बघत होते. ती रडेल, नाहीतर चिडेल, असं मला वाटलं होतं. ती मुलाकडं वळली.

“हितं ये,” ती म्हणाली. “चाल यातनं.”

तो गोदीतला गडी लहान पोरासारखा आईच्या हुकमावर खडूच्या घरांतून चालत गेला. मी त्याला पुस्तकही उघडून दाखवलं, कारण त्याला इंग्रजी महिने वाचता येत होते. दिवस तू आल्यापासून धरायचे नसतात, बायको शेवटची बाहेर बसली तिथून धरायचे, मी सांगितलं. त्यानं मार्चवर बोट ठेवलं, आडवं नाही, सरळ खाली आणलं, तारखेशी थांबला आणि शेजारी छापलेला डिसेंबर दोनदा वाचला. मग पुस्तक माझ्या हातात देऊन तो आत गेला. आत काय बोलणं झालं ते मी ऐकलं नाही आणि ऐकायलाही गेले नाही. पण तो बाहेर आला तेव्हा मुलगी त्याच्या हातांत होती, आणि पोत्यांची सवय असलेल्या त्या हातांना तिला कसं धरावं ते कळत नव्हतं.

“गाठोडं गाडीत टाका,” मावशी म्हणाली. “बैल फिरवा. घरला जायचंय.”

“अजून दहा दिवस इथं राहू दे तिला,” मी म्हटलं.

“आज फकस्त गावातनं फिरवून आणते. मग पुन्यांदा तुमच्या खाटंवर आणून निजवते. तुमी बी चला.”

मी नको म्हणायला हवं होतं. सहाव्या दिवसाच्या बाळंतिणीला गाडीत बसवून फिरवणं माझ्या कुठल्याही पुस्तकात बसत नव्हतं. पण सून डोक्याला घट्ट फडकं बांधून आधीच दारात येऊन उभी होती. तिला तोपर्यंत इतकी ताठ उभी राहिलेली मी पाहिली नव्हती. मी गाडीत गवत भरपूर पसरून वर दोन घोंगड्या टाकल्या, तिला बसवलं आणि स्वतः तिच्याजवळ बसले.

गाडी सरळ रस्त्यानं गेली नाही. मावशीनं ती तालमीच्या बाजूनं घातली, मग कुंभारआळीतून, मग विहिरीवरून, मग मारुतीच्या देवळापुढून. जिथं जिथं तोंडं हलली होती तिथं तिथं बैल थांबले. मावशी पुढं बसली होती, मांडीवर नात. प्रत्येक दाराशी ती फडकं बाजूला सारून मुलीचं तोंड दाखवायची. कुणी काही विचारायच्या आधीच सांगायची, “नवव्यातली हाय. धोंडा धरून मोज.” जिला मोजता यायचं नाही तिला बजावायची, “केंद्रावर ये, ओट्यावर काढून ठिवलंय. चालून बघ.” चूक झाली म्हणून ती कुणापुढं रडली नाही. जितक्या मोठ्यानं ती तक्ता सांगायची तितक्याच मोठ्यानं आता तक्त्यातलं गाळलेलं घर सांगत होती. माफी मागायची तिची हीच रीत असावी. मला ती चालली. सुनेलाही चालली असावी, कारण ती माझ्या शेजारी बसून सगळं ऐकत होती आणि तिच्या गालांवर रंग चढत होता.

मी त्या दिवशी किती खूश होते ते सांगता येत नाही. पुढं मी पुष्कळ अवघड बाळंतपणं केली, आडवी मुलं फिरवली, दोन-तीन वेळा मरणाच्या दारातून बाया परत आणल्या. पण बैलगाडीत बसून मिरवणूक निघाली ती एकदाच. पुढच्या आठवड्यात मी मांजरपाटाचा नवा तुकडा आणून तक्त्याला जोडला, अनारशाचं घर त्यावर रंगवलं आणि त्याला दोन बंद लावले. धोंडा असेल त्या वर्षी तो ज्या महिन्याशी येईल तिथं बांधायचा, नसेल तेव्हा सोडून ठेवायचा. तो बांधला असेल, तर त्याच्या अलीकडून सुरू झालेली आणि पलीकडं संपणारी सगळी उत्तरं एक घर अलीकडं वाचायची. मावशी पहिल्याच दिवशी ते शिकली आणि दुसऱ्या दिवसापासून मला शिकवू लागली.

देवळापुढं सगळ्यात जास्त गर्दी झाली. पारावरच्या बायका उठून गाडीपाशी आल्या. मावशीनं मुलीला दोन्ही हातांत वर धरलं आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली, पाडवा, वड, धोंडा, नाग. मुलगी कंटाळून रडायला लागली. मावशी सांगतच होती. तेव्हा माझ्या शेजारून आवाज आला. हळू नव्हता, भित्रा नव्हता, सगळ्या पाराला ऐकू जाईल असा.

“आत्याबाई, पुरं झालं. पोरगीला भूक लागलीय. आना हिकडं.”

मावशी बोलायची थांबली. तिनं मागं वळून सुनेकडं नीट बघितलं, आणि मुलगी तिच्या हातांत दिली.